पोट फुगतंय, ते वायूमुळेच का?

(महिला मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



स्तनातली गाठ हाताला लागते. गर्भाशयाचे मुख डॉक्टरांना डोळ्यांनी दिसते. अंडाशय मात्र बदामाएवढे असते आणि ओटीपोटात खोल दडलेले असते. तिथली गाठ वाढली तरी बराच काळ दुखत नाही. तिच्याभोवती अडवणारी भिंतही नसते. त्यामुळे कर्करोगाच्या पेशी सुटून पोटातल्या द्रवाबरोबर आतल्या आवरणावर पसरतात.

म्हणून या रोगाचे टप्पे समजून घ्या. रोग अंडाशयातच असला तर पहिला टप्पा, ओटीपोटातल्या इतर भागांत गेला तर दुसरा. त्यापलीकडे पोटाच्या आवरणावर पसरला तर तिसरा, आणि फुप्फुसाच्या आवरणातले पाणी किंवा यकृताचा आतला भाग गाठला तर चौथा. बहुतेक बायका तिसऱ्या टप्प्यातच दवाखान्यात पोहोचतात.

समजा, पाड्यावरची पंचावन्न वर्षांची एक बाई आहे. तिचे पोट फुगते, दोन घास खाल्ले की भरते, लघवीला वारंवार लागते. ती वायूच्या गोळ्या घेते. काही महिन्यांनी पोटात पाणी होते आणि अंग वाळते. आपल्याकडे क्षयरोग बराच, म्हणून सगळ्यांना पोटाचा क्षय वाटतो. ही शंका चुकीची नाही. पोटाच्या क्षयातही हेच होते. सीए-१२५ ही रक्ततपासणी दोन्हींत वाढलेली येते, म्हणून तिच्यावरून निवाडा होत नाही. सोनोग्राफी करून पोटातले पाणी पेशींच्या तपासणीला पाठवावे लागते. तरीही शंका राहिली तर तुकडा काढून तपासावा लागतो. नुसत्या अंदाजाने क्षयाची औषधे सुरू केली आणि रोग कर्करोग निघाला, तर मोलाचे महिने वाया जातात.

मग सर्वांचीच आधी तपासणी का करू नये? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हा प्रयोग झाला. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करूनही मृत्यू कमी झाले नाहीत, असे 2021 मध्ये जाहीर झाले. गर्भाशयमुखाची पॅप तपासणी चांगली आली, तरी अंडाशयाबद्दल काही कळत नाही.

धोका कोणाला जास्त? पाळी गेलेल्या स्त्रियांना, मूल न झालेल्यांना, आणि ज्यांच्या आई, बहीण, मावशी किंवा आत्याला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला आहे त्यांना. असे घराणे असेल तर बीआरसीए जनुकाची तपासणी करता येते. बाळंतपण आणि अंगावर पाजणे यांनी धोका कमी होतो, संपत नाही.

आमच्या आरोग्यसेविकांनी आणि तुम्हीही एवढे लक्षात ठेवा: चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेले पोट फुगणे, लवकर पोट भरणे, ओटीपोट दुखणे किंवा लघवीची घाई महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर वायूची गोळी देऊन परत पाठवू नका. सोनोग्राफी होईल अशा दवाखान्यात तिच्यासोबत जा.