धम्मयात्रेचे तिकीट : एकत्र काढावे की तुकड्यातुकड्यांनी?

(हुपरी येथील सभासद व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



नागपूरची दीक्षाभूमी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि सांची एकाच फेरीत पाहावे, अशी पुष्कळांची इच्छा आहे. आपल्यातले बरेचजण चांदीकामाच्या मजुरीवर घर चालवतात. त्यांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. रेल्वेचा एखादा पास मिळतो का, असे ते विचारतात. त्याचा हिशोब आज आपण मांडू.

परदेशी पाहुणे आणि अनिवासी भारतीय यांच्यासाठी 'इंडरेल पास' होता. तोही 2017 मध्ये बंद झाला. आपल्यासाठी पासच्या जागी आहे ते चक्राकार प्रवासाचे तिकीट. ज्या स्थानकावरून निघायचे तिथेच परत यायचे, आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचे, असे हे तिकीट असते.

ते स्वस्त का पडते, हे समजून घेऊ. रेल्वेचा दर अंतर वाढेल तसा कमी होतो. पहिले किलोमीटर महाग आणि शेवटचे स्वस्त असतात. प्रत्येक नवे तिकीट काढले की आपण पुन्हा महाग किलोमीटरपासून सुरुवात करतो. चक्राकार तिकिटात एकूण अंतराचे दोन समान भाग करतात आणि दोन लांब तिकिटांचे भाडे घेतात. म्हणजे महाग किलोमीटर दोनदाच मोजले जातात.

आता आपली यात्रा घेऊ. अंतरे ढोबळ आहेत. कोल्हापूर ते नागपूर 1000 किलोमीटर, नागपूर ते गया 1250, गया ते वाराणसी 220, वाराणसी ते गोरखपूर 230, गोरखपूर ते सांची 800, सांची ते कोल्हापूर 1250. एकूण 4750. दर मात्र हिशोब समजावा म्हणून आम्ही मानलेला आहे, तो रेल्वेचा नव्हे : पहिल्या 500 किलोमीटरला 60 पैसे, पुढच्या 500 ला 40 पैसे, त्यापुढे 30 पैसे.

सहा सुटी तिकिटे काढली तर माणशी 2340 रुपये होतात. चक्राकार तिकिटात 2375 किलोमीटरचे भाडे दोनदा, म्हणजे 1825 रुपये. माणशी 515 रुपये वाचले. चाळीस जणांचे 20,600 झाले.

पण इथेच थांबू नका. तिसरी वाट आहे. 1000 किलोमीटरपेक्षा लांबच्या साध्या तिकिटावर वाटेत दोनदा उतरता येते. पहिला मुक्काम 500 किलोमीटर झाल्यावरच घेता येतो, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवस सोडून दोन दिवस राहता येते. तेव्हा कोल्हापूर-गया तिकिटावर नागपूरला आणि गोरखपूर-कोल्हापूर तिकिटावर सांचीला उतरता येईल. मधली दोन तिकिटे सुटी घ्यायची. याचे 1960 रुपये होतात. चक्राकार तिकिटाहून फक्त 135 जास्त.

म्हणजे फायदा मुख्यतः अंतरात नाही, तिकिटाचे तुकडे न पाडण्यात आहे. उतरण्याची ठिकाणे जास्त असतील तेव्हा चक्राकार तिकीट उपयोगी. दोन-तीनच असतील तर साधे लांब तिकीट जवळजवळ तेवढेच काम करते.

आता अडचणी. चक्राकार तिकिटावर मार्ग लिहिलेला असतो. वाराणसीहून सगळे बसने थेट कुशीनगरला गेले, तर गोरखपूरपर्यंतचे रेल्वेभाडे वाया जाते. म्हणून कुठला टप्पा बसने करायचा, हे आधी ठरवा. दुसरे, हे तिकीट म्हणजे जागा नव्हे. प्रत्येक गाडीचे आरक्षण वेगळे करावे लागते. स्लीपरला आरक्षणाचे 20 रुपये आणि सुपरफास्ट असेल तर 30 रुपये दर गाडीमागे लागतातच. ते सुट्या तिकिटांतही लागतात, म्हणून तुलनेत धरू नका. तिसरे, नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधीच खुले होते. परतीची तारीख उशिराची असेल, तर तिचे आरक्षण जातानाच्या गाडीबरोबर मिळेलच असे नाही.

पद्धत अशी. तारखा, मुक्काम आणि मार्ग लिहून अर्ज मोठ्या स्थानकात किंवा रेल्वेच्या मंडल वाणिज्य कार्यालयात द्यावा. आपले मंडल पुणे. वाटेत मुक्काम करायचा असेल, तर आरक्षणाच्या फॉर्मवर तो तिकीट घेतानाच लिहावा. त्याआधी खिडकीवर सहा टप्प्यांचे आणि 2375 किलोमीटरचे चालू भाडे विचारून घ्यावे, आणि आम्ही केला तोच हिशोब खऱ्या आकड्यांनी करावा.

विद्यार्थ्यांनी हा हिशोब वहीत मांडून आपल्या गल्लीतल्या वडीलधाऱ्यांना समजावून द्यावा, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

नमो बुद्धाय! जय भीम!