मुखपृष्ठ करून देणाऱ्याला निरोप

श्रावण लागला की छोट्या दिवाळी अंकांच्या संपादकांना मुखपृष्ठाची आठवण होते. मग कुणा डिझायनरला निरोप जातो: ‘कव्हर करायचंय, काहीतरी हटके हवं. किती घ्याल?’ आता त्यानं आकडा सांगायचा तरी कशाचा? एका पानाचा की चारही पानांचा? चित्र काढायचं, की फोटो तुम्ही देणार?

तोच निरोप असा लिहून पाहा. ‘नमस्कार. आमच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचं, एकदाच करायचं काम आहे. अंक सात बाय साडेनऊ इंचांचा, साधारण २०० पानांचा. पहिलं पान आणि कणा तुम्ही करायचा. उरलेल्या तीन पानांवर जाहिराती आहेत. त्या तयार मिळतील, नुसत्या बसवायच्या. विषय नदी, चित्र नवं हवं. कच्चं रेखाटन २५ ऑगस्टला, छापखान्याची फाइल १५ सप्टेंबरला. पानांचा पक्का आकडा आम्ही १० तारखेला कळवू. मानधन १२ हजार रुपये, निम्मे आधी. दोनदा बदल त्यातच धरले आहेत. तुमची आधीची दोन-तीन मुखपृष्ठं पाहायला पाठवा, मराठी अक्षरांची असतील तर उत्तम.’

यातली १० तारीख फार महत्त्वाची. २०० पानं म्हणजे १०० कागद. नेहमीच्या ७० जीएसएम कागदाचा त्यांचा कणा नऊ-दहा मिलिमीटर भरतो. शेवटच्या क्षणी दोन कथा गळाल्या, चार जाहिराती आल्या नाहीत, की कणा बारीक होतो आणि त्यावरचं अंकाचं नाव सरकून पुढच्या पानावर डोकावतं. आकडा कधी मिळणार हे आधीच ठाऊक असलं, तर डिझायनर कणा शेवटी करतो.

मराठी अक्षरं मागायची तीही कारणानं. ज्यानं आजवर इंग्रजीच मांडणी केली, त्याच्या फाइलमधली जोडाक्षरं छापखान्याच्या संगणकावर फुटू शकतात. अक्षरांची आउटलाइन करून देणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

मानधनाचा माझा आकडा नमुन्यापुरता. तुमचा तुम्ही ठरवा, पण लिहा. डिझायनर आधी कमी सांगेल, या आशेनं पुष्कळ जण आकडा लपवतात. मग आठवडा घासाघिशीत जातो, आणि चांगल्या माणसाची तारीख तोवर दुसऱ्यानं घेतलेली असते.

निरोपात मागितलेला कामाचा नमुना म्हणजे जुनं काम. ‘आमच्या विषयावर एक चित्र काढून पाठवा, आवडलं तर बघू’ हा नमुना नव्हे. मुखपृष्ठात अवघड तेवढंच असतं, आणि तेच तुम्ही फुकट मागताय. दोघा-तिघांची रेखाटनं पाहायचीच असतील, तर प्रत्येकाला रेखाटनाचे वेगळे पैसे द्या, नापसंत झालं तरी.

आणि निरोप पाठवण्याआधी एक फोन छापखान्याला करा. त्यांना फाइल कधी हवी, कापणीसाठी कडेनं किती जागा सोडायची, हे विचारा. बहुतेक जण तीन मिलिमीटर सांगतील. तेही निरोपात लिहून टाका.