भिंतीचा आधार आणि खांद्यांची पूर्वतयारी



वडगाव निंबाळकरच्या या तालुका शारीरिक शिक्षक संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. शारीरिक शिक्षणाच्या सर्व अंगांचा परामर्श घेण्याचा अध्यक्षांचा शिरस्ता आज मी पाळणार नाही. आपल्या शाळांत पाचवी ते सातवीच्या मुलांना हातांवर उभे राहण्यास शिकविताना जी एक गोष्ट उलट्या क्रमाने केली जाते, तिच्यापुरतेच मी बोलणार आहे.

क्रम सर्वत्र एकच दिसतो. शिक्षक मुलाला भिंतीकडे तोंड करून उभा करतात, हात जमिनीवर टेकवून पाय मागून झटक्याने वर फेकण्यास सांगतात, आणि टाचा भिंतीला लागल्या की पाठ साधला असे मानतात. या रीतीत मुलाची पाठ भिंतीकडे येते, टाचांनी भिंतीवर रेलता येते आणि खांदे पूर्ण उघडलेले नसले तरी कंबर मागे वाकवून तोल सावरता येतो. म्हणजे खांद्यांत जे उणे आहे, ते कमरेच्या माथी मारले जाते. पुढे भिंत काढून घेतली की कमान केलेली पाठ, पुढे सरकलेले खांदे आणि वर उचललेली मान हाच त्या मुलाचा कायमचा पवित्रा होऊन बसतो. माझे म्हणणे असे की, नवशिक्या मुलाचे पोट भिंतीकडे असावे, त्याने भिंतीवर पावलांनी चढत जावे, आणि पाय फेकण्याचा पाठ सर्वांत शेवटी घ्यावा.

परंतु भिंतीपूर्वी खांदे तपासावयास हवेत. मुलाला पाठीवर निजवून गुडघे वाकवावयास सांगावे, कंबर सतरंजीला चिकटलेली ठेवावी आणि सरळ हात कानांजवळून डोक्यामागे न्यावयास लावावेत. हातांच्या मागल्या बाजू जमिनीला टेकल्या आणि बरगड्या वर उचलल्या नाहीत, तर खांदे मोकळे आहेत. हात अधांतरी राहिले किंवा ते टेकण्यासाठी कंबर उचलली गेली, तर त्या मुलास अद्याप भिंतीकडे नेऊ नये.

येथे तालमीत जाणाऱ्या मुलांविषयी एक अनुभव सांगतो. सहावीतील एक मुलगा कुस्तीच्या सरावामुळे भरपूर जोर काढी, आणि तोच हातांवर उभा राहण्यात अग्रेसर ठरणार असा वर्गाचा समज होता. परंतु निजून घेतलेल्या या परीक्षेत त्याचे हात जमिनीपासून वीतभर वर राहिले. त्याच वर्गातील एक सडपातळ मुलगी, जिला जोर धड येत नसत, तिचे हात अलगद टेकले. कारण उघड आहे. जोरात बाहू छातीसमोर ढकलतात, तर हातांवर उभे राहताना ते डोक्याच्या रेषेत सर्वस्वी वर ताणावे लागतात, आणि खांद्याच्या फऱ्यांनी बाहेरच्या बाजूस वळून कानांकडे चढावयाचे असते. मुलाला खांदे उघडण्याची तजवीज हवी होती, मुलीला बळाची. दोघांचा पाठ एकच ठेवणे हा दोघांवरही अन्याय झाला असता.

मुलाकरिता आम्ही बाकाचा उपयोग केला. बाकासमोर गुडघे टेकून कोपरे बाकावर ठेवावीत, छाती जमिनीकडे सोडावी, कंबर मात्र खोल जाऊ देऊ नये. मुलीकरिता जोराच्या पहिल्या पवित्र्यात कोपरे ताठ ठेवून केवळ फरे जवळ आणणे आणि दूर ढकलणे ही कृती घेतली. त्यानंतर दोघांनाही सूर्यनमस्कारातील कंबर उंच उचलण्याची स्थिती दिली. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळांतून रुजविले, त्यामुळे ही स्थिती आपल्या मुलांच्या अंगवळणी आधीच आहे. तीत टाचा टेकविण्याचा आग्रह सोडावा, कंबर खांद्यांच्या वर आणावी आणि जमिनीस ढकलून खांदे कानांशी न्यावेत. मनगटांनाही सवय येथेच होते. तळवे टेकवून, बोटे पसरून, अंगाचे वजन हळूहळू पुढेमागे न्यावे. जाड गादी मात्र टाळावी, कारण हात तीत रुततो आणि मनगट आणखी वाकते. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर दुहेरी सतरंजी पुरते.

भिंतीवरील पहिला टप्पा काटकोनाचा. मुलाने भिंतीला तळपाय टेकवून, पाय लांब करून बसावे, आणि जेथे त्याची बैठक टेकली तेथे खडूची खूण करावी. हात त्या खुणेवर ठेवून पावले भिंतीवर कमरेइतकी उंच न्यावीत. अशा रीतीने प्रत्येकाचे अंतर त्याच्या स्वतःच्या पायांनीच ठरते. हात खांद्यांइतके रुंद, कोपरे ताठ, नजर दोन अंगठ्यांच्या मध्ये. कंबर खांद्यांच्या बरोबर वर आली आणि फरे कानांजवळ राहिले, तर दहा मोजेपर्यंत थांबावे. चार मुलांनी आळीपाळीने अशा तीन फेऱ्या केल्या, तर एका तासिकेला तेवढे पुरे.

या टप्प्यावर आठवड्यागणिक स्थिरता आली, की हात भिंतीकडे थोडे थोडे सरकवावेत, आणि शेवटी वीतभर अंतर ठेवून केवळ पायांची बोटे भिंतीस लागावीत. परंतु वर चढण्याआधी उतरणे शिकवावे, कारण भीती उतरण्याचीच असते. हात भिंतीपासून दूर चालवीत, पावले भिंतीवरून खाली आणणे हा पहिला मार्ग. एक हात उचलून, कमरेतून वळून, पाय बाजूस टेकणे हा दुसरा. हे दोन्ही ज्यास येत नाहीत, त्याला खुणेच्या आत जाऊ देऊ नये.

चूक ओळखावयाची ती मुलाच्या थकण्यावरून नव्हे, तर आकार बिघडण्यावरून. पहिले चिन्ह कोपराचे किंचित वाकणे. दुसरे, कान आणि खांदा यांमधील अंतर वाढणे, म्हणजे फरे खाली घसरणे. तिसरे, बरगड्या भिंतीकडे फुगणे. यांपैकी एक जरी दिसले, तर मोजणी संपली, आणि मुलाने उतरावे. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस दुखत असेल, तर त्या दिवशी हातांवर भार देऊ नये, आणि दुखणे टिकल्यास वैद्याकडे पाठवावे, कारण वाढत्या वयात तेथील हाडाचा वाढीचा भाग अद्याप कोवळा असतो. चक्कर येणारे, कान वाहणारे, नुकतेच जेवलेले वा खांदा कधी निखळलेले मूल या पाठातून वगळावे.

त्या वर्गातील मुलगी लवकर काटकोनात स्थिर झाली. मुलाला खांदे उघडण्यास अधिक काळ लागला, आणि तोपर्यंत आम्ही त्याला पाय फेकू दिले नाहीत. पुढे जेव्हा त्याचे हात निजून जमिनीला टेकू लागले, तेव्हा त्याने पोट भिंतीकडे ठेवून, कमान न करता, बोटांच्या अलगद स्पर्शावर तीस मोजले. पाय फेकण्याचा पाठ त्यानंतर दिला. शिक्षक त्याच्या पुढल्या पायाच्या बाजूस उभे होते, आणि घोट्याला न धरता त्यांनी मांडीला खालून वर आधार दिला.

बंधुभगिनींनो, माझी सूचना एवढीच की, प्रत्येक शाळेच्या नोंदवहीत मुलाच्या नावापुढे तीन रकाने असावेत: हात टेकले काय, उतरणे येते काय, आणि आकार न बिघडता किती मोजले. पहिले दोन रकाने भरल्याखेरीज पाय फेकण्याचा पाठ कोणासही देऊ नये, असा ठराव या संमेलनाने करावा, अशी मी विनंती करतो.