शेवटची कर्जत

आजची गोष्ट आपल्या लाइनवरची आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या लोकांना यातला प्रत्येक थांबा पाठ असेल. बाहेरगावच्यांसाठी एवढंच सांगते की कल्याणला मध्य रेल्वेची लाइन फुटते. एक फाटा शहाड, टिटवाळा करत कसाऱ्याला जातो. दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत कर्जतला. सगळी गोष्ट या फाट्यावर आहे.

गोष्टीतल्या मुलीला आपण सुमन म्हणू. ती लातूरकडची. एकटीनं मुंबई बघायची म्हणून घरच्यांशी भांडून निघालेली. "काही झालं तर परत कुठं जाऊ देणार नाही," असं वडिलांनी बजावलेलं. मुक्काम बदलापूरला मावसबहिणीकडे.

फिरता फिरता उशीर झाला. रात्री बारा वाजता ती सीएसएमटीला धावत पोचली. बहिणीनं फोनवर सांगितलं होतं, "कर्जत म्हणजे S. इंडिकेटरवर S दिसला की चढ." पण इंडिकेटरवर डावीकडचं अक्षर म्हणजे गाडी कुठली ते, मधे वेळ, आणि उजवीकडचं अक्षर म्हणजे फास्ट की स्लो. कसाऱ्याचं अक्षर N. त्या गाडीपुढे डावीकडे N होता आणि उजवीकडे स्लोचा S. सुमनला घाईत तेवढा S दिसला. ती लेडीज डब्यात चढली.

कल्याण गेलं आणि डब्यात आवाज आला, पुढील स्टेशन शहाड. बहिणीनं पाठ करून घेतलेल्या नावांत शहाड नव्हतं. ती दचकून उतरली. दीड वाजून गेला होता. शेवटची कर्जत कसाऱ्याच्या मागोमागच असते. कल्याणलाच उतरली असती तर मिळाली असती, पण आता तीही गेली. फोनवर चार टक्के बॅटरी. घरी फोन करायचा तर वडिलांचं म्हणणं खरं ठरणार.

त्याच डब्यातून एक मावशी उतरल्या होत्या. हातात डब्याची पिशवी. हॉस्पिटलात आयाचं काम, सेकंड शिफ्ट करून घरी चाललेल्या.

"कुठं जायचंय गं पोरी?"

"बदलापूर."

"अगं, मग ही गाडी कशाला धरलीस? चल, मी इथंच राहते, कॅम्प नंबर एकला."

कॅम्प म्हटल्यावर सुमन दोन पावलं मागे सरकली. मावशींच्या लक्षात आलं. त्या हसल्या. "छावणी नाही गं. पूर्वी इथं मिलिटरीचा कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधी लोक आले, त्यांना इथं ठेवलं. त्याचंच उल्हासनगर झालं. पत्ता अजून कॅम्पच्या नंबरानं सांगतात."

मग त्यांनी तिच्यापुढे तीन वाटा ठेवल्या. "माझ्याकडे झोप, घरात सून आहे, नातवंडं आहेत. नाहीतर रिक्षानं कल्याणला जा, तिथं वेटिंग रूम आहे, पोलीस असतात, पहाटेची पहिली कर्जत पकड. नाहीतर इथूनच रिक्षानं बदलापूर. तू सांग."

मला या गोष्टीतलं हेच आवडतं. मावशींनी तिला हाताला धरून घरी ओढलं नाही. अनोळखी माणसाच्या घरी जायला मुलगी घाबरणारच, हे त्यांना कळत होतं.

सुमन म्हणाली, "रिक्षा."

शेवटच्या गाडीसाठी दोन-तीन रिक्षा उभ्या असतात. त्यांतला एक मावशींच्या गल्लीतला सिंधी मुलगा. मावशींनी स्वतःच्या फोनवरून बहिणीला फोन लावून दिला, रिक्षाचा नंबर वाचून दाखवला, भाडं तिच्यासमोर ठरवलं. बारानंतर मीटरवर पंचवीस टक्के जास्त असतात, तेवढेच, वर काही नाही.

"मावशी, तुमचे पैसे..."

"कसले पैसे? पोचलीस की मला मिस्ड कॉल दे. विसरू नकोस."

रिक्षा उल्हासनगरच्या बंद बाजारांतून निघाली. अंबरनाथला तो मुलगा टपरीच्या उजेडात थांबला, स्वतःचा फोन पुढे केला. "ताई, घरी सांगा, अंबरनाथ सोडलं." बदलापूरला बिल्डिंगखाली बहीण उभी होती. दोघी आत जाऊन जिन्यातला दिवा लागेपर्यंत त्यानं रिक्षा वळवली नाही.

वर गेल्यावर सुमननं आधी फोन चार्जिंगला लावला. सव्वादोन होऊन गेले होते. एवढ्या रात्री मिस्ड कॉल द्यायचा का? मावशी दमून झोपल्या असतील. तिनं एक रिंग देऊन कट करायचं ठरवलं.

पण कट करायला वेळच मिळाला नाही. पहिल्याच रिंगला पलीकडून आवाज आला, "पोचलीस ना? बरं झालं. आता झोपते मी."