वीस वर्षांनंतरचा प्रवेश



 संमेलनाचा अध्यक्ष असलो तरी साहित्याच्या सद्यःस्थितीवर मी बोलणार नाही. लेखनातल्या एकाच कामाबद्दल बोलायचं आहे. एखादी कथा लिहून संपली, शेवट मोकळा राहिला, आणि नंतर कुणीतरी पंधरा-वीस वर्षांनंतरचा एक प्रवेश लिहायला घेतो. मग ती कथा स्वतःची असो की दुसऱ्याची. हे काम आपल्याकडची तरुण मंडळी हौसेनं करतात. अमडापूरच्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेव्हापासून आपल्या बुलढाणा जिल्ह्यात त्यातली एकनाथ आणि अलका ही घरचीच माणसं झाली आहेत. त्यांचं पुढं काय झालं असेल, हे कुणाच्या मनात येत नाही? लिहून बघायला कुणाची हरकत नसते. छापायचं किंवा रंगमंचावर आणायचं असेल तर मात्र मूळ लेखकाची परवानगी घ्यावी लागते, कारण आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरही साठ वर्षं हक्क शाबूत असतात. हे आधीच सांगून ठेवतो.

मराठीत या कामाचा सगळ्यात मोठा नमुना आपल्या विदर्भातलाच आहे. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आलं. धरणगावकर देशपांड्यांचा वाडा, तात्याजींचा मृत्यू, दारात नादुरुस्त उभा असलेला ट्रॅक्टर आणि एका रात्री घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालून उभी राहिलेली वहिनी. ते नाटक स्वतःपुरतं पुरं झालं होतं. पुढं ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ आली, आणि १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग उभी केली. दुसऱ्या नाटकात दहा वर्षं लोटलेली आहेत. पहिल्यात दारूच्या नादी लागलेला पराग आता घरातला कर्ता आहे. पडदा उघडतो तेव्हा हा बदल घडून गेलेला असतो. लेखक आपल्याला त्या दहा वर्षांतून चालवत नेत नाही. तो थेट पलीकडच्या काठावर उभा करतो आणि मधली वर्षं माणसांच्या बोलण्या-वागण्यातून आपली आपल्याला उमगत जातात. मधल्या वर्षांचा वृत्तांत पहिल्या पानावर देऊन टाकला की प्रवेशाला काही कामच उरत नाही. नवख्या लिखाणातला हा पहिला दोष, आणि तो लगेच ओळखू येतो. दोघांनाही ठाऊक असलेल्या गोष्टी पात्रं एकमेकांना सांगू लागतात.

पण एलकुंचवार स्वतःच्याच घरात परतले होते. दुसऱ्याच्या घरात शिरायचं तर अवघड प्रश्न वेगळा आहे: जे मोकळं सोडलेलं आहे, त्याला हात लावायचा की नाही?

इब्सेनच्या नोराची गोष्ट इथं उपयोगी पडते. अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मुळे ती मराठीतही आलेली आहे. १८७९ सालचं मूळ नाटक संपतं ते नोरा घर सोडून जाते आणि दार बंद झाल्याचा आवाज येतो तिथं. जर्मनीतल्या एका नामांकित नटीनं असा शेवट करायला नकार दिला. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून इब्सेननं वेगळा शेवट लिहून दिला. त्यात मुलांना पाहून नोराचे पाय अडखळतात आणि ती थांबते. हा आपल्या नाटकावरचा अत्याचार आहे, असं तो स्वतःच म्हणत असे. पुढं २०१७ साली लुकास नेथ या अमेरिकन नाटककारानं पंधरा वर्षांनंतरचा भाग लिहिला. त्याच दारावर थाप पडते आणि बाहेर नोरा उभी असते. ती कशासाठी येते? नवऱ्यानं घटस्फोटाची नोंदच केलेली नाही, म्हणजे कायद्यानं ती अजून त्याची बायको आहे. हे येण्याचं कारण किती रोखठोक आहे ते बघा. ती पुढं काय झाली, जगली कशी, याची उत्तरं नेथ देतो, कारण ती काळानं दिलेलीच असतात. तिनं घर सोडलं ते बरोबर केलं का, हे मात्र तो ठरवत नाही. घरातला प्रत्येक जण त्यावर आपापलं बोलतो आणि शेवटी नोरा पुन्हा त्याच दारातून निघून जाते.

माझ्या मते सगळं मर्म इथं आहे. आता आपल्या मातीतलं एक उदाहरण घेऊन ते करूनच पाहू. समजा, मेहकर तालुक्यातल्या एका घराची कथा आहे. वडील गेलेत. भावानं बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं आहे. ती पेन हातात घेते आणि कथा संपते. सही केली की नाही, हे लेखकानं सांगितलेलं नाही. आपल्याला वीस वर्षांनंतरचा प्रवेश लिहायचा आहे.

पहिला विचार मनात येतो तो समृद्धी महामार्गाचा. रस्ता आपल्या जिल्ह्यातून गेला, जमीन संपादित झाली, मोबदल्यासाठी नावं निघाली. प्रसंग खरा आहे, नाट्यही आहे. तरीही तो नको. सातबारा उघडला की बहिणीचं नाव एक तर असणार किंवा नसणार. ज्या प्रसंगात कागद बोलतो तिथं मोकळा शेवट मेला म्हणून समजा. प्रसंग असा हवा की प्रश्न दोघांच्याही डोक्यात असेल, पण विचारायची कुणाला सोय नसेल. भावाच्या मुलीचं लग्न आहे. बहीण आली आहे. मांडवात गर्दी, आचाऱ्याची हाकाटी, आणि पाच मिनिटं दोघं सपरीत बसली आहेत. भाऊ दरवर्षी तिला तुरीची डाळ पाठवतो, एवढंच आपण नव्यानं घालायचं.

“डाय पोचली काय वं बाई?”

“पोचली. औंदा थोडकी होती.”

“पानीच नोतं.”

आता हे दोनदा वाचा. एकदा असं धरून, की तिनं सही केली होती. मग डाळ म्हणजे भावाच्या मनातली टोचणी आहे आणि ‘थोडकी होती’ हा वीस वर्षं दाबून ठेवलेला बोल. मग असं धरून वाचा, की तिनं सही केली नव्हती. आता डाळ हा तिचा वाटा आहे, ‘थोडकी होती’ ही हिशेबाची चौकशी आणि ‘पानीच नोतं’ हा त्याचा खुलासा. प्रत्येक ओळ दोन्हीकडून खरी उतरली पाहिजे. एखादी ओळ एकाच बाजूनं लागत असेल, तर ती कितीही सुंदर असो, काढून टाका. तिनं उत्तर फोडलेलं असतं. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आणलंत तर तीच गत होते. रडणं पहिल्या वाचनात चालून जातं, दुसऱ्यात ओढूनताणून बसवावं लागतं.

याउलट जे काळानं ठरवलेलं आहे ते बिनदिक्कत सांगा, आणि नेमकं सांगा. लिहिण्याआधी कागदावर प्रत्येकाचं तेव्हाचं आणि आताचं वय मांडा. तेव्हा अठ्ठावीसची असलेली बहीण आता अठ्ठेचाळीसची आहे, तिच्या गुडघ्याची कुरकुर सुरू झाली असेल. बाराची भाची बत्तीसची झाली, मग लग्नाला एवढा उशीर का झाला? एक तर कारण शोधावं लागेल किंवा मूळ कथेत तिला पाळण्यात ठेवावं लागेल. आणि मूळ कथा आपली नसेल तर तिला पाळण्यात ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. शेतात तेव्हा कपाशी होती तर आता सोयाबीन असेल. म्हातारी हयात आहे का, दाराशी गुरं आहेत का, हे सगळं सांगता येतं. या बाबतीत संकोच करणारे लेखकही मी पाहिले आहेत. मूळ कथेचा मान राखायचा म्हणून ते काहीच बदलत नाहीत आणि वीस वर्षं वीस दिवसांसारखी वाटू लागतात. तो मान नव्हे. त्या माणसांना इतकी वर्षं जगू न देणं हाही त्यांच्यावर अन्यायच आहे.

आणखी एक धोका आहे. मोकळा शेवट जपण्याच्या भरात काही जण धूसर लिहू लागतात. कोण कुणाशी बोलतंय, कुठं बोलतंय, काही कळेनासं होतं. वरच्या तीन ओळींत काहीही धूसर नाही. डाळ, पाऊस, पोचणं, सगळं स्वच्छ आहे. लपलेली आहे ती एकच गोष्ट, आणि ती मूळ लेखकानंच लपवलेली आहे.

संयोजकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या संमेलनात एक सत्र यासाठी ठेवा. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या लेखकाची मोकळ्या शेवटाची कथा, त्याची परवानगी घेऊन, आधी सगळ्यांना वाचायला द्या. प्रत्येकानं वीस वर्षांनंतरचा दोन पानांचा प्रवेश लिहून आणावा. तो दोनदा मोठ्यानं वाचला जावा, दोन वेगळी उत्तरं मनात धरून. आणि जमलं तर मूळ लेखकालाही समोर बसवा.