बारा मिनिटं की चोपन्न? झूमच्या हजेरी रिपोर्टमधली गोची

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. ऑनलाइन क्लासची हजेरी झूममधून काढली, पण पोरं म्हणतात "मी तर होतो", आणि शीट म्हणते नव्हतास. खरं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा दोघंही. झूमचा रिपोर्ट ही हजेरी नसते, ती आत-बाहेर जाण्याची नोंद असते. एखादा जितक्या वेळा आत येतो, तितक्या ओळी तयार होतात.

आधी फाइल कुठे मिळते ते सांगतो. मीटिंग ज्याच्या अकाउंटवरून झाली, त्याने ब्राउझरमध्ये झूमच्या साइटवर लॉग-इन करून Reports मध्ये जायचं. तिथे मीटिंगच्या यादीत आपल्या क्लाससमोर सहभागींचा आकडा दिसतो. त्यावर क्लिक केलं की नावं उघडतात आणि Export बटण मिळतं. एका वेळी एकाच महिन्याचा रिपोर्ट निघतो, आणि मागचे बारा महिनेच मिळतात. म्हणजे वर्षाच्या शेवटी एकदम बसून काढू, असं ठरवू नका. दर महिन्याला फाइल उतरवून ठेवा.

त्याच पानावर Show unique users असा एक चौकोन आहे. त्यावर टिक केली की एका माणसाच्या सगळ्या ओळी मिळून एकच ओळ होते. छान वाटतं, पण कधी आला, कधी गेला, हे निघून जातं. टिक करू नका. का, ते आता बघू.

समजा क्लास १० ते ११. एका मुलीचं नेट गावाकडचं, सारखं तुटणारं. तिच्या तीन ओळी अशा: १०:०२ ते १०:१४, म्हणजे १२ मिनिटं. मग १०:१५ ते १०:३१, १६ मिनिटं. मग १०:३४ ते ११:००, २६ मिनिटं. बेरीज ५४. सरांनी नाव शोधलं, पहिलीच ओळ बघितली, १२ मिनिटं, गैरहजर! ७५ टक्क्यांचा नियम असेल तर तिला ४५ मिनिटं हवी होती, आणि ती ५४ मिनिटं बसली होती.

मग बेरीज केली की झालं? नाही ना. दुसरा एक मुलगा लॅपटॉप आणि फोन, दोन्हींवरून एकाच नावाने आला. दोन्हीकडे १०:०० ते १०:२५. दोन ओळी, प्रत्येकी २५, बेरीज ५०. तो पास! प्रत्यक्षात होता पंचवीसच मिनिटं. बेरीज साठच्या वर गेली असती तर डोळ्यात आली असती, पण पन्नास कुणाला खटकणार?

म्हणून नावानुसार आणि मग येण्याच्या वेळेनुसार शीट लावा. आधीची ओळ संपण्याआधीच पुढची सुरू झाली असेल, तर तिथे दोन डिव्हाइस आहेत. A मध्ये नाव, C मध्ये येण्याची आणि D मध्ये जाण्याची वेळ असेल तर तिसऱ्या ओळीत हे टाका आणि खाली ओढा:

```
=IF(AND(A3=A2,C3<D2),"तपासा","")
```

"तपासा" आलेल्या ओळी मात्र हातानेच बघा, चार-पाचच असतात. आणि त्याआधी In Waiting Room या कॉलममध्ये Yes असलेल्या ओळी काढून टाका. दाराबाहेर ताटकळणं म्हणजे वर्गात बसणं नव्हे.

नाव हाही एक घोळ. "Redmi Note 9" कुणाचा? आईच्या फोनवरून आलेला कोण? पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नावाआधी रोल नंबर लिहायचा. मराठी नावांऐवजी एक्सेलमध्ये विचित्र अक्षरं दिसली तर फाइल डबल-क्लिकने उघडू नका. Data मधून From Text/CSV घ्या आणि File Origin मध्ये 65001: Unicode (UTF-8) निवडा.

आता चॅट. काही सर चॅटमध्ये "प्रेझेंट" लिहायला लावतात. आयडिया बरी, ओळीसमोर वेळही येते. पण चॅट रिपोर्टमध्ये आपोआप येत नाही. मीटिंग बंद करण्याआधी कॉम्प्युटरवर चॅटच्या तीन टिंबांवर जाऊन Save chat करायचं, किंवा सेटिंगमध्ये आपोआप सेव्ह चालू ठेवायचं. कॉम्प्युटरवर सेव्ह केलेली फाइल साधारणपणे Documents मधल्या Zoom फोल्डरमध्ये, तारखेच्या नावाखाली सापडते.

ही txt फाइल ग्रुपवर टाकण्याआधी मात्र उघडून बघा. सरांनी सेव्ह केलेल्या फाइलमध्ये सगळ्यांसाठीच्या मेसेजसोबत सरांना एकट्याला आलेले मेसेजही असतात. "सर, बाबा ॲडमिट आहेत, फी पुढच्या महिन्यात देऊ का?" असं कुणी लिहिलं असेल, तर तेही त्यात. नोटपॅडमध्ये Ctrl+F करून Direct Message शोधा. त्या ओळी आणि त्यांची उत्तरं काढा, आणि उरलेलीच फाइल पुढे पाठवा. मूळ फाइल सरांकडेच राहू दे.