घेऊन या म्हटलं, फोननं लिहिलं गेहूं

आज आम्ही फोनवर मराठीत बोलून लिहिण्याबद्दल बोलणार आहोत. जमलं तर फोन हातात घेऊनच ऐका.

आधी आमची फजिती सांगतो. आमच्या गटात कर्जाच्या पडताळणीसाठी बँकेचे साहेब यायचे होते. आदल्या रात्री आमच्या सचिव ताईंनी गटावर निरोप टाकायचं ठरवलं. हात पिठाचे होते, म्हणून त्या फोनला बोलल्या, "उद्या सकाळी अकरा वाजता सगळ्यांनी पासबुक घेऊन या." फोननं लिहिलं, "उड़िया सकाली अकरा वाजता सगल्यांनी पासबुक गेहूं या." ताईंनी न वाचताच पाठवलं. सकाळी एकीनं विचारलं, "गहू किती आणायचे?" आम्ही पोट धरून हसलो. पण चौघीजणी पासबुकाशिवाय आल्या होत्या. साहेबांनी त्यांची कागदं बाजूला ठेवली आणि त्या चौघींना पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागलं.

आम्हाला वाटलं, ताईंचं बोलणंच फोनला कळत नसेल. तसं नव्हतं. ताई मराठी बोलत होत्या आणि फोन हिंदी ऐकत होता. फोनला जी भाषा नेमून दिली असेल, त्याच भाषेतले शब्द तो शोधतो. "घेऊन" हा शब्द त्याच्या हिंदीत नाही, मग त्यातल्या त्यात जवळचा "गेहूं" त्यानं उचलला.

म्हणून पहिलं काम म्हणजे मराठीचा कीबोर्ड जोडणं. पुष्कळ अँड्रॉइड फोनवर गूगलचा जीबोर्ड असतो, आम्ही त्याचंच सांगतो. निरोप लिहायच्या जागेवर बोट टेकवा, अक्षरं वर येतील. अक्षरांच्या वरच्या पट्टीत दातेरी चाकाचं चित्र असतं. ते दिसत नसेल तर पट्टीच्या टोकाला चार चौकटींचं चित्र दाबा, त्यात सापडेल. चाक दाबलं की Settings उघडतं. तिथे Languages, मग Add keyboard, मग यादीतून Marathi निवडायचं आणि शेवटी Done दाबायचं. हे एकदाच करावं लागतं.

आता भाषा बदलायची कशी? खालची लांब पट्टी, जिनं दोन शब्दांत जागा सुटते, तिच्यावर भाषेचं नाव लिहिलेलं असतं. ती पट्टी दाबून धरा, भाषांची यादी येईल, त्यातून मराठी निवडा. पट्टीवर "मराठी" दिसल्याशिवाय बोलायला सुरुवात करायची नाही, असा आम्ही नियमच केला आहे.

मग माईक दाबायचा. इथे दोन माईक असतात आणि बऱ्याच जणी फसतात. व्हॉट्सॲपमध्ये लिहायच्या जागेच्या उजवीकडे जो गोल माईक असतो, तो आपला आवाजच भरून पाठवतो. लिहिण्याचा माईक वेगळा, तो अक्षरांच्या वरच्या पट्टीत असतो. पहिल्यांदा दाबल्यावर फोन परवानगी विचारतो, ती द्यावी लागते.

फोन खरंच मराठी ऐकतोय का, हे ओळखायची आमची एक खूण आहे. आम्ही आधी एक वाक्य बोलून बघतो: "सकाळी शाळेजवळ बैठक आहे." त्यात बाळातला "ळ" नीट आला आणि शेवटी "आहे" आलं, तर मराठी सुरू आहे. "सकाली" आलं, "आहे"च्या जागी "है" आलं, तर हिंदी सुरू आहे. हिंदीच्या रोजच्या लिहिण्यात "ळ" नाही, म्हणून ही खूण सहसा चुकत नाही. पट्टीवर मराठी असूनही हिंदीच उमटत असेल, तर पुन्हा त्या दातेरी चाकात जा, Voice typing उघडा आणि तिथल्या भाषांमध्ये मराठी निवडलेली आहे का ते बघा.

एवढं करूनही काही शब्द चुकतातच. आमच्या एका ताईंनी "निंदणीची मजुरी" म्हटलं, फोननं "नंदिनीची मजुरी" लिहिलं. गावांची नावं, आडनावं आणि शेतातले शब्द फोननं कमी ऐकलेले असतात. तो शेजारचे शब्द बघून अंदाज बांधतो. म्हणून तुटक शब्द बोलण्यापेक्षा पूर्ण वाक्य बोलावं, ओरडू नये, नेहमीच्या चालीनं बोलावं. चुलीपाशी कुकर आणि टीव्ही दोन्ही चालू असतील, तर ओसरीवर जाऊन बोलावं.

चुकलेला शब्द दुरुस्त करायला सगळा निरोप पुसू नका. त्या एका शब्दावर बोट टेकवा. कधी कधी वरच्या पट्टीत दुसरे शब्द सुचवलेले दिसतात, त्यात बरोबर शब्द असेल तर तो दाबा. नसेल तर शब्द दाबून धरा, तो रंगीत होईल, मग पुसा आणि माईक दाबून तेवढाच पुन्हा बोला. दुसऱ्यांदाही चुकला तर हातानं लिहा. तिसऱ्यांदा बोलण्यात वेळ जातो आणि फोन बहुधा तेच लिहितो. पूर्णविरामही आम्ही हातानंच देतो.

वारंवार लागणारी नावं Settings मधल्या Dictionary मध्ये, Personal dictionary उघडून मराठीखाली लिहून ठेवता येतात. मग सुरुवातीची अक्षरं लिहिली की पूर्ण नाव वर सुचवलं जातं. हातानं लिहिताना याचा उपयोग होतो, बोलताना मात्र त्यावर भरवसा ठेवू नका.

सगळ्यात जास्त सांभाळायच्या जागा दोन. पहिली रक्कम. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पंचवीस आणि पस्तीस, हे आकडे माणसालाही घाईत सारखे वाटतात. हप्त्याचा आणि बचतीचा आकडा आम्ही बोलतच नाही, वहीत बघून हातानं लिहितो. दुसरी जागा म्हणजे "नाही". मराठीत "नाही" वाक्याच्या शेवटी येतो. आपण श्वास घ्यायला थांबलो की फोनला वाटतं बोलणं संपलं आणि माईक बंद होतो. "शुक्रवारी बैठक होणार नाही" यातलं "नाही" गळलं, तर बाया शुक्रवारी येऊन बसतील. म्हणून असं वाक्य एका दमात बोलावं आणि शेवटचा शब्द उमटला का ते बघावं.

आता आमच्या गटात निरोप बोलणारी एक आणि वाचणारी दुसरी असते. दुसरी तो मोठ्यानं वाचते: कोणता दिवस, किती वाजता, काय आणायचं, किती रुपये. पटलं की मगच पाठवायचा. गेल्या बैठकीचा निरोप असाच वाचताना पुन्हा एकदा "घेऊन"च्या जागी "येऊन" निघालं. वाचणाऱ्या ताई म्हणाल्या, "पासबुक आपलं आपण येतंय होय गं?" शब्द दुरुस्त झाला, निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सगळ्यांच्या हातात पासबुक होतं.

तुमच्या फोनवर आज एवढंच करून बघा: "सकाळी शाळेजवळ बैठक आहे" म्हणा आणि "ळ" उमटतो का ते बघा. येतो आम्ही. नमस्कार.